अर्धा आकडा

नागपुरात कॉटन मार्केटजवळ शेतीच्या मोटारपंपांचं एक मोठं दुकान होतं. ऐंशीनंतरची काही वर्षं मी तिथं टायपिस्ट होते. पुढे दुकान, मागे गोदाम आणि मधल्या अरुंद खोलीत ऑफिस. ऑफिसात मॅनेजर साहेब, एक म्हातारे हिशेबनीस आणि मी. माझ्या टेबलावर टाइपरायटर, आणि बाजूला एक लांबट लोखंडी पेटी. पेटीत पोस्टकार्डापेक्षा जरा जाड अशी कार्डं उभी लावलेली. प्रत्येक कार्डावर एका कंपनीचं किंवा माणसाचं नाव, हुद्दा, पत्ता, फोन, तारेचा पत्ता, आणि त्याच्याकडून आपण काय घेतो किंवा त्याला काय देतो, ते. दुकानात सगळे तिला नुसतं ‘पेटी’ म्हणत. ती माझ्या ताब्यात होती.

आमच्या घरात ऑफिसात जाणारी मी पहिली. वडील मागावर बसत, आई कांड्या भरायची. मॅट्रिकनंतर मी हट्टानं टायपिंग शिकले. परीक्षा पास झाले, सर्टिफिकेट आलं, आणि त्यावर वडिलांचं नाव चुकलं होतं. अर्जावर शाई पसरली होती म्हणे. परीक्षेच्या ऑफिसातल्या कुणीतरी ते अक्षर अंदाजानं लावलं, आणि कागदोपत्री मी भलत्याच माणसाची मुलगी झाले. ते एक अक्षर बदलून घ्यायला मला वर्ष लागलं. किती खिडक्यांपुढे उभी राहिले याची गणतीच नाही. प्रत्येक खिडकीतला माणूस हेच म्हणायचा, “एवढ्याशा अक्षरानं काय होतं?” त्या वर्षात माझ्या स्वभावात काहीतरी टणक झालं, आणि ते पुन्हा कधी मऊ पडलं नाही.

दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही शेठजी म्हणायचो, वर्षातून दोनदा दौऱ्यावर जात. दिल्ली, राजकोट, कोइंबतूर, जिथं पंप बनतात किंवा त्यांची प्रदर्शनं भरतात तिथं. परत येताना खिसे भरून व्हिजिटिंग कार्डं आणायचे आणि माझ्या टेबलावर ओतायचे. “हे चढवून घे,” एवढंच म्हणायचे. मी ती पेटीत चढवायचे.

त्या वर्षी त्यांनी नवा कॅमेरा घेतला. मार्चमध्ये ते दक्षिणेत गेले आणि आठवड्यानं त्यांच्याकडून पोस्टानं एक डबी आली. आत फिल्मचा रोळ. रोळाभोवती हॉटेलच्या कागदाची चिठ्ठी गुंडाळलेली, आणि चिठ्ठीवर त्यांच्या तिरक्या अक्षरात तीनच शब्द होते: ‘हे चढवून घे.’

मी सीताबर्डीवरच्या स्टुडिओतून रोळ धुऊन आणला. पहिल्या फोटोत शेठजी एका ट्रॅक्टरला टेकून उभे. दुसऱ्यात एक हत्ती. मग ओळीनं पंपांचे फोटो, आणि शेवटी एका व्हिजिटिंग कार्डाचा फोटो, एकच. तेवढं एक कार्ड घ्यायचं सोडून त्याचा फोटो का काढला हे मला तेव्हा कळलं नाही. कार्ड काचेखाली ठेवलेलं होतं हे मात्र दिसत होतं, कारण फ्लॅशचा पांढरा गोळा काचेवर आपटून नेमका कार्डाच्या खालच्या भागावर बसला होता.

पहिला प्रश्न म्हणजे काय चढवायचं? ट्रॅक्टर आणि हत्ती चढवता येत नव्हते. पंपांच्या फोटोंवर कुठं काही वाचण्यासारखं नव्हतं. तेव्हा कार्ड, हे उघड होतं. पण कशासाठी? त्यांच्याकडून माल घ्यायचा आहे, की नुसती ओळख झाली आहे, हे चिठ्ठीत नव्हतं. शेठजी तोवर पुढच्या गावाला निघून गेले होते आणि तिथला पत्ता कुणालाच माहीत नव्हता.

मी हिशेबनीसांचं भिंग मागून घेतलं आणि खिडकीशी बसले. कंपनीचं नाव स्वच्छ होतं. पंपांची कंपनी, कोइंबतूरची. माणसाच्या नावापुढचं पहिलं अक्षर इंग्रजी के होतं की आर, हे काचेवरच्या ओरखड्यामुळे ठरत नव्हतं. आडनाव ठीक होतं. हुद्दा ‘सर्व्हिस इंजिनिअर’. पत्त्याची पहिली ओळ दिसत होती, दुसरी निम्मी. पिनकोडाचे पहिले तीन आकडे होते, पुढचे तीन पांढऱ्या गोळ्यात गेले होते. तारेचा पत्ता, म्हणजे तारेसाठी कंपनीनं नोंदवलेला एक शब्द, अगदी स्पष्ट होता. फोन पाच आकडी होता. त्यातले चार आकडे दिसत होते. चौथ्या जागेवरच्या आकड्याची डावी बाजू गोळ्यानं खाल्ली होती. उजवीकडे एकाखाली एक असे दोन फुगवटे तेवढे उरले होते. आणि कडेला, पेनानं, एक ओळ लिहिलेली होती. ती तमिळमध्ये होती.

मी स्टुडिओत परत गेले. स्टुडिओवाल्याला म्हटलं, हे मोठं करून द्या, गोळा जरा काळा करून द्या. त्यानं निगेटिव्ह दिव्यापुढे धरली आणि मला दाखवली. गोळ्याच्या जागी निगेटिव्हवर एकसारखा काळा डाग होता, त्यात रेघ नाही की कण नाही. “ताई,” तो म्हणाला, “फिल्मवर जे आलंच नाही, ते मी कागदावर कुठून आणू? बाकीचं मोठं करून देतो.” त्यानं मोठं करून दिलं. कडेची तमिळ ओळ आता मोठी झाली, फुगवटे मोठे झाले, आणि पांढरा गोळाही मोठा झाला.

मी नवीन कार्ड घेतलं. जे दिसत होतं ते जसंच्या तसं टाइप केलं. नावाचं पहिलं अक्षर मोकळं ठेवलं. पत्त्याची दुसरी ओळ जिथं तुटली होती तिथं टिंबं दिली. पिनकोडाचे तीन आकडे लिहिले, तीन जागा सोडल्या. फोनच्या चौथ्या आकड्याच्या जागी चौकट काढली आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं: ‘फोटोत अर्धा. ३ किंवा ८?’ खाली लिहिलं: ‘फोटोवरून. मूळ कार्ड पाहिलेलं नाही. कडेला तमिळ ओळ आहे, वाचून घ्यायची.’ फोटो कार्डामागे टाचणीनं लावला.

पेटीत घालायला गेले तर त्याच कंपनीचं एक जुनं कार्ड आधीच होतं. दोन-तीन वर्षांपूर्वीचं, माझ्याच हातचं. पत्ता वेगळ्या रस्त्यावरचा, फोन वेगळा, माणूस वेगळा. तारेचा पत्ता मात्र तोच. मी दोन्ही कार्डं एकामागे एक ठेवली, आणि दोन्हींवर ‘दुसरं कार्डही पाहा’ असं लिहिलं.

संध्याकाळी मॅनेजर साहेबांनी पेटी पाहिली. ते कामाला चोख होते, हे मी कधी नाकारलं नाही. पण अर्धवट गोष्ट त्यांना डोळ्यांनी सोसायची नाही. टेबलावरचा पेपरवेटसुद्धा काठाला समांतर लागायचा त्यांना.

“हे काय आहे, बाई?” ते म्हणाले. “चौकट काय, टिंबं काय. हा पत्ता आहे की शब्दकोडं?”

“वाचता येत नाही, साहेब. जेवढं येतं तेवढं लिहिलंय.”

त्यांनी भिंग घेतलं, एक डोळा मिटला. “आठ आहे. स्पष्ट आठ आहे. लिहा.”

“मला आठ दिसत नाही. अर्धा आकडा दिसतो.”

“मला दिसतो ना. आणि हे जुनं कार्ड फाडून टाका. नवं आल्यावर जुनं कशाला? एका कंपनीचे दोन पत्ते ठेवले की पत्रं भलतीकडे जातात.”

“नवा पत्ता जुन्याच्या जागी आला की जुन्याशिवाय आणखी एक आला, हे या फोटोवरून कळत नाही. शेठजींनी ते सांगितलेलं नाही.”

“शेठजींनी चढवून घे म्हटलंय.”

“चढवलंय, साहेब. फाडायला सांगितलेलं नाही.”

हिशेबनीसांनी मान वर केली आणि पुन्हा वहीत घातली. मॅनेजर साहेबांनी माझ्या हातून कार्ड घेतलं, खिशातलं पेन काढलं आणि चौकटीत ठसठशीत आठ लिहिला. मी कार्ड परत घेतलं. आठ त्यांच्या अक्षरात होता, शाईत होता, मी तो खोडला नाही. त्याच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं: ‘हा आकडा मॅनेजर साहेबांनी अंदाजानं घातला. फोटोत नाही.’ आणि त्यांच्यासमोरच ते पेटीत ठेवलं.

त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पेन खिशाला लावलं आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “एक मेमो टाइप करायचा आहे. लिहून घ्या.”

मी वही घेतली. मेमो माझ्याविरुद्धच होता. ऑफिसात टाइप करणारी मी एकटीच, तेव्हा दुसरं कोण करणार? वरिष्ठांनी स्पष्ट आदेश देऊनही नोंद पूर्ण केली नाही, नोंदीवर अनुचित शेरा लिहिला, यापुढे असं झाल्यास कारवाई करण्यात येईल, असा मजकूर. मी टेबलाशी येऊन तो टाइप केला. एक चूक नाही, एक खाडाखोड नाही. ‘अनुचित’ शब्दातला इकार त्यांनी सांगताना दीर्घ उच्चारला होता, तो मी ऱ्हस्व केला. तीन प्रती काढल्या. एका प्रतीवर ‘मिळाला’ म्हणून सही केली.

मग त्याच कागदावर, सहीखाली, माझं उत्तर टाइप केलं: ‘नोंद पूर्ण करण्याइतकी माहिती फोटोत नाही. जे दिसत नाही ते लिहिलं तर पुढे वाचणाऱ्याला वाटेल की ते दिसलं होतं. असं मी लिहिणार नाही. फोटो पेटीत आहे, कोणीही पाहावा.’

मॅनेजर साहेबांनी ते वाचलं. “तुम्हाला नोकरी नकोय का?”

“हवी आहे, साहेब. म्हणूनच नीट करतेय.”

त्या संध्याकाळी घरी जाताना नोकरी जाईल का, हाच विचार डोक्यात होता. घरात माझा पगार लागत होता. मी वडिलांना सगळं सांगितलं. ते मागावरच होते, हातातला धोटा त्यांनी थांबवला.

“तुले दिसलाच नाही तो आकडा?”

“नाही.”

“मग काहून लिहायचा वं?” ते म्हणाले आणि पुन्हा विणायला लागले. आई मात्र रात्रभर कुशीवर वळत राहिली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नरखेडकडून एक बाई दुकानात आल्या. चाळिशीच्या असतील. दोन एसटी बदलून आल्या होत्या. नवरा एसटीतच कंडक्टर, तेव्हा संत्र्याचा बगीचा त्याच बघायच्या. पिशवीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं एक बेअरिंग काढलं आणि काउंटरवर ठेवलं. ते मधोमध चिरलेलं होतं. गेल्या वर्षी आम्हीच त्यांना बोअरवेलचा पंप विकला होता, त्याच कोइंबतूरच्या कंपनीचा. त्या पंपाचं हे बेअरिंग इकडे कुठं मिळत नव्हतं. काटोलच्या मिस्त्रीनं हात वर केले होते.

“आंबिया बहाराची फळं हायेत झाडाले,” त्या म्हणाल्या. “लिंबाएवढी झाली. पाणी बंद झालं तं गळून जातीन सारी. शेजारच्या हिरीवरून आठ दिवस पाणी घेऊन राहिली मी, पन तेचीबी हीर खाली गेली. मले हे बेअरिंग कधी मिळन ते सांगा. नाही मिळत तं नाही म्हना, मी दुसरा पंप पाहीन. पन मधातच लटकवून नोका ठेवू.”

दुकानात ते बेअरिंग नव्हतं. मॅनेजर साहेब म्हणाले, “काळजी करू नका. आमच्याकडे त्यांच्या सर्व्हिस इंजिनिअरचा थेट फोन आहे. आत्ता ट्रंक कॉल लावतो.” आणि पेटीतून त्यांनी ते कार्ड काढलं. माझा शेरा त्यांनी पाहिला, मी त्यांना पाहताना पाहिलं. त्यांनी तो अंगठ्याखाली झाकला आणि एक्स्चेंजला नंबर सांगितला. आठवाला.

कॉल लागायला दीड तास लागला. तोवर बाई बाकावर बसून होत्या. मी त्यांना चहा आणून दिला. “तुम्ही इथं काय करता, पोरी?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “पत्ते सांभाळते.” “चांगलं हाय,” त्या म्हणाल्या, “सावलीतलं काम हाय.”

घंटी वाजली. मॅनेजर साहेब मोठ्यानं बोलायला लागले, आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग नुसतं “हॅलो, हॅलो”. पलीकडे एक म्हातारी बाई तमिळमध्ये काहीतरी विचारत होती. तिचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता. शेवटी ऑपरेटरनंच मध्ये पडून सांगितलं की हे घर आहे, पंपवाले इथं कोणी नाहीत.

मॅनेजर साहेबांनी फोन ठेवला. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, “तीनवर लावून बघू.”

लावला. आणखी पाऊण तास गेला. तो एका शाळेत लागला.

मॅनेजर साहेबांनी फोन हळूच खाली ठेवला. आणि मला त्या क्षणी आनंद झाला नाही, हे मी स्वतःशी कबूल करते. तीन किंवा आठ हे मीसुद्धा लिहिलं होतं. म्हणजे अंदाज मीही केलाच होता, फक्त पेन्सिलीनं. उजवीकडचे दोन फुगवटे आणखी कशाचे असू शकतात हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. दोन पर्याय लिहिले की तिसरा संपतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

बाई उठून उभ्या राहिल्या. “फोन लागत नाही वाटते,” त्या म्हणाल्या. “मंग मी जाऊ?”

“थांबा,” मी म्हटलं. मी मॅनेजर साहेबांच्या टेबलाशी गेले आणि दोन्ही कार्डं, जुनं आणि नवं, त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवली. “साहेब, फोन आपल्याला माहीत नाही. पत्ता अर्धा माहीत आहे. पण तारेचा शब्द दोन्ही कार्डांवर एकच आहे, आणि दोन्हीकडे पूर्ण वाचता येतो. तार जाईल.”

“तार कोणत्या पत्त्यावर जाईल? जुन्या की नव्या?”

“तो शब्द कंपनीचा आहे. कंपनी जिथं असेल तिथं तारवाले पोचवतील. आणि हेही पाहा.” मी खणातून एक कागद काढला.

ती तमिळ ओळ मी तशीच सोडली नव्हती. मला ती वाचता येत नव्हती, पण ती पुसलेली नव्हती. अक्षरं फोटोत पूर्ण होती, कमी होतं ते माझं वाचन. माझ्यासोबत टायपिंग शिकलेली एक मैत्रीण अजनीला रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायची, तिचे वडील गार्ड होते, घरी तमिळ बोलत. गेल्या रविवारी मी मोठा केलेला फोटो घेऊन तिच्याकडे गेले होते. तिच्या आईनं चष्मा लावून ओळ वाचली. दोन शब्दांवर ती अडली, तिथं तिनंही ‘हे लागत नाही’ म्हटलं. बाकीच्याचा अर्थ होता: सुट्या भागांसाठी जुन्या गोदामात विचारा.

मॅनेजर साहेबांनी तो कागद वाचला. मग जुनं कार्ड उचललं, जे ते फाडायला सांगत होते. कितीतरी वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले.

“हे आधी का नाही सांगितलं?”

“सोमवारी तुमच्या टेबलावर ठेवलं होतं. तुम्ही बाजूला सारलंत.”

ते खोटं नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. “तार लिहा,” ते म्हणाले.

तारेत मी पंपाचं मॉडेल आणि बेअरिंगवर कोरलेला क्रमांक घातला. तो क्रमांक बाईंनी आणलेल्या तुकड्यावरून भिंगानं, अक्षर न अक्षर, दोनदा ताडून घेतला. तो पूर्ण वाचता येत होता, देवाची कृपा. शेवटी लिहिलं: माल आहे का, कधी निघेल, आणि आपला फोन नंबर कळवा. मी स्वतः तार ऑफिसात गेले, पावती घेतली. बाईंना सांगितलं, “उत्तर येईल की नाही हे मला आज सांगता येत नाही. उद्या दुपारपर्यंत कळेल. तुमच्या गावात फोन कुठं आहे?”

“पोस्टात हाय. पोस्टमास्तर सांगते मले.”

“त्यांचा नंबर पाठ आहे?”

त्यांनी सांगितला. मी लिहून घेतला आणि त्यांना परत वाचून दाखवला. एक आकडा मी मागेपुढे केला होता. त्यांनी तो दुरुस्त केला आणि माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तारवाला आला. उत्तर त्रोटक होतं. बेअरिंग जुन्या गोदामात आहे, आज रेल्वे पार्सलनं निघतं. आणि पुढे पाच आकडे. चौथ्या जागी नऊ होता.

मी फोटो काढून पाहिला. वरचा गोल आणि खालच्या वळलेल्या शेपटीचा फुगवटा. नऊच होता. माहीत झाल्यावर तो इतका नऊ दिसायला लागला की मला स्वतःचाच राग आला.

मी पोस्टमास्तरांना फोन लावून निरोप दिला. चौथ्या दिवशी पार्सल आलं. बाई पुन्हा नागपूरला आल्या, स्वतः स्टेशनावर गेल्या, हमालाची वाट न बघता पिशवीत घालून घेऊन गेल्या. काही झाडांची फळं गळली होती, असं पुढे कळलं. बगीचा वाचला.

शेठजी मेच्या सुरुवातीला परतले. मॅनेजर साहेबांनी त्यांना मेमो दाखवला, हे त्यांच्या बाजूनं मला सांगायलाच हवं. लपवला नाही. शेठजींनी मेमो वाचला, खालचं माझं उत्तर वाचलं, आणि मला आत बोलावलं.

“किती नंबर होता गा तो?” त्यांनी आधी मॅनेजर साहेबांनाच विचारलं.

“नऊ.”

“अन् तुम्ही काय लिहिला?”

“आठ.”

“अन् हिनं?”

“मी तीन किंवा आठ लिहिलं होतं,” मी म्हटलं. “माझंही चुकलं. ‘वाचता येत नाही’ एवढंच लिहायला हवं होतं.”

शेठजी हसले. “मले विचारलं असतं तं म्या तरी काय सांगितलं असतं? त्या स्टॉलवर कार्डं संपली होती. काचेखाली एकच होतं. म्या वाकून फोटो मारला. वाचलं कोणी? मले वाटलं, घरी जाऊन पाहू.”

तेव्हा मला कळलं की पाठवणाऱ्यालाही ते माहीत नव्हतं. मी दोन महिने समजत होते की उत्तर त्यांच्या खिशात आहे आणि आपल्यालाच पोचत नाही. ते कुणाच्याच खिशात नव्हतं.

“शेठजी,” मी म्हटलं, “यापुढे फोटो पाठवाल तेव्हा एक ओळ लिहा. हा माणूस कोण, आणि कशासाठी चढवायचा. आणि काच असली तर फ्लॅश नको, खिडकीशी नेऊन काढा. तिथल्या तिथं वाचून पाहा. नाही वाचता आलं तर त्यालाच विचारा, तो तिथं उभाच असतो.”

मॅनेजर साहेब खुर्चीत सरळ झाले. शेठजींनी माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं.

“तू मले काम सांगून राहिली?”

“हो.”

 बाहेर गोदामात कोणीतरी पाइप टाकत होतं, त्याचा आवाज येत होता.

“बरं,” शेठजी म्हणाले. मग मॅनेजर साहेबांकडे वळून, “हा मेमो फाडून टाका.”

“नको,” मी म्हटलं.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“फाइलमध्ये राहू द्या. त्याच्याखाली माझं उत्तर आहे. मेमो फाडला तर उत्तरही जाईल.”

मॅनेजर साहेबांनी कागद माझ्या हातात दिला.  मी टेबलाशी आले, मेमोला पंचनं दोन भोकं पाडली आणि फाइलमध्ये लावला. मग पेटीतलं कार्ड काढलं. आठ आणि त्याच्या बाजूचा माझा शेरा, दोन्ही तसेच ठेवले. खाली नवी ओळ घालून पूर्ण नंबर टाइप केला आणि पुढे लिहिलं: ‘कंपनीच्या तारेवरून.’ नावाचं पहिलं अक्षर अजून मोकळंच होतं. तारेत ते आलं नव्हतं. पिनकोडाचे तीन आकडेही नव्हते.

मी ते मोकळेच ठेवले आणि पुढचं पत्र टाइपरायटरला लावलं.